डायोडचा सुटलेला पाय

मावशींनी बाजाराच्या पिशवीतून डबा काढून काउंटरवर ठेवला आणि म्हणाल्या, "हे घ्या तुमचं भूत."

डबा आमचाच होता. निळ्या पत्र्याचा, पुढे एक छोटा दिवा आणि 'ऑटो' व 'बंद' असं लिहिलेलं बटण. गंगाखेडला एसटी स्टँडकडून येणाऱ्या रस्त्यावर माझ्या दाजींचं, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं, मोटारी आणि स्टार्टर दुरुस्तीचं दुकान आहे. परभणीच्या आयटीआयमधून बाहेर पडल्यावर मी तिथेच कामाला लागले. दाजी डबे जोडायचे, मी ते तपासायची. मी 'ठीक' म्हटल्याशिवाय एकही डबा दुकानाबाहेर जात नव्हता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्या 'ठीक'वर येऊन थांबतं.

"काय करायलंय भूत?" मी विचारलं.

"लाल बटन दाबलं की मोटार बंद. बोट काढलं की चालू. परत दाबलं, बंद. परत काढलं, चालू. आमचे मालक म्हणले, तू हितं बोट लावून उभी ऱ्हा, मी भाकर खाऊन येतो."

दाजी आतून हसले. मीही हसले.

शेतातली लाईट जाते, येते, पुन्हा जाते. दर वेळी विहिरीवर जाऊन स्टार्टरचं हिरवं बटण कोण दाबणार? म्हणून हा डबा. लाईट आली की तो एक मिनिट थांबतो, व्होल्टेज स्थिर होऊ देतो आणि मग दोन सेकंद हिरवं बटण दाबून सोडतो. दाबणारं बोट म्हणजे आतला रिले. रिलेत तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं असतं, त्याला कॉइल म्हणतात. कॉइलमधून वीज गेली की ती लोखंडाची पट्टी ओढून घेते, वीज थांबली की पट्टी सुटते. वीज सोडायचं आणि थांबवायचं काम ट्रान्झिस्टर करतो. ज्वारीच्या दाण्याएवढी काळी वस्तू, तीन पायांची.

मी डबा उघडला. ट्रान्झिस्टर मेला होता. ट्रान्झिस्टर मरतो तेव्हा बहुतेक वेळा तो आतून जुळून जातो. दार उघडंच राहतं, बंद होत नाही. रिलेचं बोट मग हिरव्या बटणावर दाबलेलंच राहतं. मावशींचं भूत ते हेच होतं.

मी नवा ट्रान्झिस्टर लावला. ट्रान्झिस्टरला सांभाळणारा कॉइलवरचा डायोड मीटरने पाहिला. आकडा आला, पॉइंट तीन नऊ. ठीक. मावशी डबा घेऊन गेल्या.

आठ दिवसांनी त्या परत आल्या.

*

आमच्या घरात पुस्तकं कमी होती आणि पत्रकं फार. वडील आठवडी बाजारात उभे राहून ती वाटायचे. पाण्यासाठी, रोजगार हमीच्या कामासाठी, दवाखान्यात नसलेल्या औषधांसाठी. मी अक्षरं शिकले ती त्या गुलाबी आणि पिवळ्या कागदांवर. घड्या घालायचं काम माझं असे. वडिलांचा एक नियम होता. पत्रकात 'चूक झाली' असं लिहायचं नाही. चूक कुणी केली ते त्याच वाक्यात आलं पाहिजे. "झाली म्हणजे काय, पाऊस पडला का?" असं ते विचारायचे.

आयटीआयमध्ये आमच्या सरांनी एकदा बारा व्होल्टची बॅटरी, एक रिले आणि एक साधं बटण टेबलावर मांडलं. मला म्हणाले, कॉइलची दोन्ही टोकं बोटांनी धर. मी धरली. बारा व्होल्टचं मला काय भय? सरांनी बटण दाबलं. काही झालं नाही. रिले टक् वाजला. मग त्यांनी बटण सोडलं आणि माझ्या दोन्ही हातांना असा झटका बसला की मी टेबलापासून मागे उडाले. वर्ग खदखदून हसला.

"वीज चालू करताना लागली की बंद करताना?" सरांनी विचारलं.

"बंद करताना."

"मग लक्षात ठेव. कॉइल चालू असते तोवर गरीब असते. थांबवायला गेलं की मारते."

मी हे पुढे माझ्या पद्धतीने समजून घेतलं. साखर कारखान्याच्या रस्त्यावर उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर चाललेला असतो. ड्रायव्हरने एकदम ब्रेक दाबला तर ट्रॉल्या थांबत नाहीत, त्या त्याच्या पाठीवर येतात. कॉइलमधली वीजही तशीच. चालू झाली की तिला वेग चढतो. वाट तोडली तरी ती जायचं सोडत नाही. पुढे दार बंद दिसलं की कॉइल स्वतःचं व्होल्टेज वाढवत नेते, बारावरून पन्नास, शंभर, कधी कित्येक शे, दार फुटेपर्यंत. आमच्या डब्यात ते दार म्हणजे तो दाण्याएवढा ट्रान्झिस्टर. त्याची सोसायची हद्द पंचेचाळीस व्होल्ट.

म्हणून कॉइलच्या दोन टोकांवर उलटा डायोड लावतात. डायोड वीज एकाच दिशेने जाऊ देतो. पांढरी पट्टी असलेली बाजू अधिक (+) टोकाकडे. रिले चालू असताना तो नुसता बसून असतो. दार बंद झालं की कॉइलची वीज त्याच्यातून वळते, पुन्हा कॉइलमध्ये येते, पुन्हा डायोडमध्ये, आणि अशी गोल फिरत फिरत काही क्षणांत दमून जाते. ट्रॉल्यांना गर्दीत थांबवण्याऐवजी रिकाम्या मैदानात फिरवून आणलं, तसं. ट्रान्झिस्टरवर मग बाराच्या वर जेमतेम पाऊण व्होल्ट चढतं.

एवढ्याशा डायोडचं एवढं काम. आणि तो नसला तरी डबा चालतो. हीच त्याची वाईट खोड. पहिल्या दिवशी चालतो, दुसऱ्या दिवशी चालतो. दर वेळी लाईट येते, दर वेळी रिले सुटतो, दर वेळी ट्रान्झिस्टरला एक तडाखा बसतो. तो कितव्या तडाख्याला जाईल हे कुणी सांगू शकत नाही.

*

आठ दिवसांनी मावशींनी पिशवी काउंटरवर ठेवली तेव्हा त्या हसत नव्हत्या, पण रागावल्याही नव्हत्या.

"तेच भूत. तुमचा उतारा लागू पडला न्हाई."

मी डबा उघडला. मी लावलेला नवा ट्रान्झिस्टर तसाच मेलेला. एक ट्रान्झिस्टर खराब निघू शकतो. त्याच जागी दुसरा आठ दिवसांत जातो तेव्हा गुन्हेगार शेजारी असतो. मी पुन्हा मीटर लावला. डायोडच्या दोन्ही पायांवर दोन टोकं. पॉइंट तीन नऊ. डायोड जिवंत असला की साधारण पॉइंट पाच ते पॉइंट सातच्या दरम्यान आकडा येतो. तीन नऊ थोडा कमी होता, पण मी पहिल्यापासून सगळ्या डब्यांत तोच पाहत आले होते आणि ह्या डायोडचा आकडा असाच असेल असं मनाशी ठरवून बसले होते.

मग का कोण जाणे, मी टोकांची अदलाबदल केली. लाल तिकडे, काळं इकडे.

पॉइंट तीन नऊ.

डायोड एकाच दिशेने जाऊ देतो. उलट्या दिशेने मीटरने काहीच दाखवायला नको होतं. मी पुन्हा पाहिलं. तीन नऊ.

मी बॅटरीवर चालणारी सोल्डरिंग गन गरम केली, डायोडचा एक पाय मोकळा करून त्याला एकटं तपासायला. चिमट्याने पाय धरला. गन टेकवायच्या आधीच तो वर आला. हिरडीतून हलणारा दात निघावा तसा. सोल्डरचा, म्हणजे जोडाच्या कथलाचा, थेंब जागेवर तसाच, चकचकीत, मधे एक काळं भोक. तो पाय त्या थेंबात नुसता उभा होता. चिकटलेला कधीच नव्हता.

आता डायोड सर्किटमध्ये नव्हता. मी कॉइलवर मीटर लावला. पॉइंट तीन नऊ.

म्हणजे इतके दिवस मी कॉइल मोजत होते. मीटर तपासण्यासाठी आपली किंचितशी वीज सोडतो. ती डायोडला न जुमानता कॉइलच्या तारेतून आरामात निघून जायची, आणि त्या तारेच्या अडथळ्याचा आकडा नेमका डायोडसारखा दिसायचा. डायोड चांगला असो, तुटका असो, जागेवर नसो, मीटर तेच सांगणार होता. आणि मी एका डब्याला तीन सेकंद देऊन, एकाच दिशेने टोकं लावून, 'ठीक' म्हणत होते.

डायोड कुठून आले होते तेही मला ठाऊक होतं. गेलेल्या सीएफएल बल्बच्या बुडात एक छोटी पट्टी असते, तिच्यावर चार चांगले डायोड असतात. आमच्याकडे ते कुणी फेकत नाही. दाजी भंगारवाल्याकडून पोतंभर बल्ब आणायचे, आणि दुपारच्या रिकाम्या वेळात आम्ही दोघं पट्ट्यांवरून डायोड काढायचो. डायोड उत्तम होते. पण बल्बच्या उष्णतेत वर्षानुवर्षं शिजून त्यांचे पाय काळे पडलेले. काळ्या पायाला सोल्डर धरत नाही, घासून पांढरा करावा लागतो. मावशींचा डबा ज्या चाळीस डब्यांच्या खेपेतला, ती जोडताना उसाची घाई होती. दाजींनी पाय घासले नाहीत. मी ते पकडायला होते. मी पकडलं नाही.

"दाजी," मी हाक मारली, "हिकडं या."

त्यांनी पाहिलं. सुटलेला पाय नखाने हलवला.

"एखादा ऱ्हातो असा," ते म्हणाले.

"एखादा हाय का चाळीस हायेत, ते आपल्याला माहीत न्हाई. माझं तपासणंच खोटं व्हतं."

"हळू बोल." त्यांनी मावशींकडे पाहिलं. "एक एक करून बोलवू. सर्व्हिसिंग हाय म्हणू. गाजावाजा कामून करायचा?"

मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "आमच्या भाऊजींचा डबा मात्र लय हुशार हाय बरं का."

मावशींचे भाऊजी म्हणजे त्यांच्या नवऱ्याचे धाकटे भाऊ. मावशींचा डबा बघून त्यांनीही आमच्याकडून नेला होता. त्याच खेपेतला.

"हुशार म्हंजी?" मी विचारलं.

"आधी मिनिटभर थांबून चालू करायचा. आता दोन दिवस झाले, लाईट आली की लगीच. थांबतच न्हाई. भाऊजी म्हणले, डबा शिकला."

दाजींचा हात सुटलेल्या पायावरच थांबला.

डबा शिकला नव्हता. मिनिटभर थांबणं हे डब्यातल्या छोट्या चिपचं काम, आणि चिप ट्रान्झिस्टरमार्फतच रिलेला हुकूम देते. ट्रान्झिस्टर जुळून गेला की हुकूम विचारायला कुणी उरत नाही. लाईट आली की रिले ओढला जातो, मोटार धडकन चालू. आणि डब्यावरचं बटण 'बंद'वर केलं तरी काही फरक पडत नाही, कारण ते बटणही फक्त चिपलाच सांगतं. आम्हीच तसं बनवलं होतं.

"ते मोटार लाल बटनानं बंद करत न्हाईत?" मी विचारलं.

"कशाला? लाईट जाईस्तोवर चालू, लाईट गेली की बंद. दिवसातनं धा बार जाती."

म्हणूनच त्यांना भूत दिसलं नव्हतं. बिघाड चालत्या मोटारीच्या आड लपून बसला होता.

"आज कुठं हायेत ते?"

"विहिरीत. मोटारीच्या ग्लँडमधनं पाणी गळायलंय, नवी दोरी भरायला उतरलेत. अकराला लाईट गेली ना, तवाच उतरले."

आमच्याकडे असंच करतात. लाईट गेली की विहिरीत उतरायचं. पाणी खाली गेलं की पंप कडेच्या ओट्यावर उतरवलेला असतो, दगडी पायऱ्यांच्या शेवटाला. ग्लँड म्हणजे पंपाचा दांडा जिथून बाहेर येतो ती जागा. तिथे ग्रीस लावलेली दोरी बोटांनी आत दाबून भरावी लागते, दांडा हाताने फिरवत. फ्यूज काढायचा असतो हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी काढत नाही. कारण लाईटच नसते. आणि कारण डब्याचं बटण 'बंद'वर असतं. आणि डब्यावर आमचा शब्द असतो.

दुकानातला पंखा थांबलेला होता. शेतांच्या लाईटीबरोबरच शहराचीही गेली होती. कधी येईल ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

मावशींनी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला.

"सदऱ्यात असंल," त्या म्हणाल्या, "सदरा काढून स्टार्टरच्या खांबाला अडकवतेत." मग माझ्या तोंडाकडे पाहून त्यांचा आवाज बदलला. "काय झालंय, पोरी?"

मी सांगितलं. सगळं नाही, पुरेसं. दाजींनी मला अडवलं नाही. त्यांनी शटर अर्ध्यावर ओढलं आणि गाडीची किल्ली घेतली.

*

गाडीवर आम्ही तिघं. पुढे दाजी, मध्ये मावशी, मागे मी. मावशींच्या हातात ती रिकामी पिशवी अजून होती. नदीकडे जाणाऱ्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी ऊस इतका उंच की पुढचं वळण दिसत नाही. मावशी दर थोड्या वेळाने फोन लावत होत्या आणि तो वाजत होता. आम्हाला कानाजवळ ऐकू येत होतं, तिकडे खांबावर सदऱ्याच्या खिशात वाजत असेल आणि खाली विहिरीत कुणाला ऐकू जात नसेल.

वाटेत एक पिठाची गिरणी लागते. तिची टुकटुक लांबून ऐकू येते. तिची लाईट आणि त्या शेतांची लाईट एकाच ठिकाणाहून येते. मी गाडीच्या आवाजातून तिचा आवाज शोधत होते. मला वाटतं, तिघंही तेच करत होतो, कारण गिरणी जवळ आली तसं दाजींनी गाडी हळू केली. गिरणीवाला बाहेर बाजेवर बसला होता. पट्टा थांबलेला.

"न्हाई आली," दाजी म्हणाले आणि गाडी सोडली.

"देवा, येऊ नको," मावशी म्हणाल्या. लाईट येऊ नये म्हणून कुणी हात जोडलेले मी तोवर पाहिले नव्हते.

गिरणी मागे पडल्यावर जास्त वाईट वाटायला लागलं. आता लाईट आली तरी आम्हाला कळणार नव्हतं.

विहिरीजवळ कुणी दिसत नव्हतं. खांबावर सदरा लोंबत होता आणि त्याचा खिसा वाजत होता. मावशींचाच फोन. दाजी गाडी आडवी टाकून धावले आणि त्यांनी पेटीतले तिन्ही फ्यूज एकामागोमाग ओढून काढले. मग ते हातात घेऊन तिथेच खाली बसले.

मावशींनी काठावर वाकून हाक मारली.

"कोण मेलं?" खालून आवाज आला. "इतकं वरडायला?"

मावशींनी पदर तोंडात धरला. मग म्हणाल्या, "वर या भाऊजी."

"अर्धी दोरी भरली. उरली तेवढी भरून येतो."

"वर या म्हणते ना!"

"वैनी, तुमचा डबा खराब निघाला म्हणून माझ्यावर कशाला? माझा बटनावर बंद हाय. बघा की."

मी पाहिलं. बटण 'बंद'वर होतं.

त्याच वेळी बांधापलीकडच्या शेतात पाइप खाकरला. आधी वारा, मग गढूळ फवारा, मग पाण्याचा जाड दांडा पाटात पडायला लागला. लाईट आली होती. आम्ही पोहोचल्याला पाच मिनिटंही झाली नसतील.

थोड्या वेळाने भाऊजी पायऱ्या चढून वर आले. उघडे, कोपरापर्यंत ग्रीस. आमच्याकडे, दाजींच्या हातातल्या फ्यूजकडे, पुन्हा आमच्याकडे पाहिलं.

"काय भानगड हाय?"

"खाली कुणी न्हाई ना?" दाजींनी विचारलं.

"कोण असणार?"

दाजी उठले. विहिरीत एकदा स्वतः वाकून पाहिलं. मग एक एक फ्यूज परत बसवला. बटण 'बंद'वरच होतं. त्याला कुणीही हात लावला नव्हता. तिसरा फ्यूज बसला आणि स्टार्टरने धाडकन आवाज केला. खाली मोटार हुंकारत चालू झाली, आणि अर्ध्या भरलेल्या ग्लँडमधून पाण्याची चिळकांडी समोरच्या दगडावर आदळली.

दाजींनी लगेच फ्यूज ओढले. तरी मोटारीला थांबायला वेळ लागला. तिचा आवाज खाली खाली जात होता आणि आम्ही चौघं तो संपेपर्यंत उभे होतो.

भाऊजींनी आपली बोटं पाहिली. आधी एका हाताची, मग दुसऱ्या.

"मी तिथं बोटं घालून बसलो व्हतो," ते म्हणाले.

मी बोलायला हवं होतं. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या चुकांवर पत्रकं वाचली, घड्या घातल्या, घोषणा दिल्या. त्या काठावर उभं राहून 'हा डबा मी तपासला होता' एवढं एक वाक्य तोंडातून काढायला मला जितका वेळ लागला, तितका मोटारीला थांबायलाही लागला नव्हता. पण मी ते काढलं.

भाऊजींनी मान हलवली. रागाने नाही. "बरं," म्हणाले, आणि हात पुसायला चिंधी शोधायला लागले.

*

दुसऱ्या दिवशी दाजी परभणीहून नवे डायोड घेऊन आले. दुकानात काचेच्या छोट्या डायोडची एक पट्टी आधीच पडून होती. ते म्हणाले, हे बी चालतील की. कागदावर चालले असते. आमची कॉइल तीस मिलीअँपिअर घेते. काच त्याच्या कितीतरी पट सोसते, आणि उलटी बाजू शंभर व्होल्टपर्यंत धरते, आम्हाला फक्त बारा हवेत. पण आमच्या हातांनी पाय वाकवताना ती काच तडकते, आणि तडकलेली दिसत नाही. मला न दिसणारं आता काही नको होतं. मी जाड काळा घेतला. एक अँपिअरचा, हजार व्होल्टचा, नवा, चकचकीत पायांचा. तो जरा सुस्त समजला जातो, पण आमचा रिले काही सेकंदाला हजारदा उघडझाप करत नाही. दिवसातून पाच-दहा वेळा सुटणाऱ्या कॉइलला तो पुरून उरतो.

"डायोडनं रिले उशिरा सुटतो म्हणतेत," दाजी म्हणाले.

"सुटतो. वीज आत फिरत ऱ्हाती ना. पण ते सेकंदाच्या हजाराव्या भागातलं हाय. जिथं लगेच सुटायला पाहिजे तिथं लोक डायोडसंगं झेनर लावतेत, वीज लवकर जिरवणारा दुसरा डायोड. आपल्याला हिरव्या बटनावरचं बोट तेवढं उचलायचंय."

"आणि तपासायचं कसं?"

"एक पाय लावायच्या आधी. दोन्ही बाजूंनी. मग पाय लावायचा आणि चिमट्यानं ओढून बघायचा."

"आणि बटन?"

ते मी विचारायच्या आधी त्यांनी विचारलं, म्हणून मला त्यांचा आदर वाटला. तेव्हापासून आमचं 'बंद' बटण चिपला विनंती करत नाही. ते रिलेची वीजच तोडतं.

सगळ्या गिऱ्हाइकांसाठी पत्रक छापायचं असं मी म्हटलं, त्यावरून मात्र भांडण झालं. दाजी म्हणाले, दुकानाचं नाव कशाला, 'निळे डबे' म्हण. मी म्हटलं, निळे डबे आभाळातून पडले का? माझी बहीण स्वयंपाकघरातून म्हणाली, दोघं गप बसा, लेकरं झोपलीत. शेवटी दाजी म्हणाले, "लिही. पण खाली माझं बी नाव घाल. पाय मी घासले न्हाईत."

पिवळ्या कागदावर छापलं. वर मोठ्या अक्षरात: विहिरीत उतरण्याआधी फ्यूज काढून खिशात ठेवा. लाईट नसली तरी. डबा बंद असला तरी. त्याखाली: आमच्या दुकानातून गेलेल्या ह्या डब्यांमध्ये दोष आहे. जोडणाऱ्याने पाय घासला नाही, तपासणाऱ्या मुलीने चुकीचं मोजलं. डबा मिनिटभर न थांबता मोटार चालू करत असेल तर तो आजच काढा. वडिलांनी प्रूफ वाचलं, एक स्वल्पविराम काढला आणि दुसऱ्या दिवशी बाजारात माझ्याशेजारी उभे राहिले. लोक पत्रक घेत, वाचत, आणि वर माझ्याकडे बघत. दोघांतिघांनी दाजींना तोंडावर शिव्या दिल्या. त्यांनी ऐकून घेतल्या.

डबे येत गेले. प्रत्येकाचा डायोड मी चिमट्याने ओढून पाहिला. मावशींचा आणि भाऊजींचा सोडून आणखी अकरांचे पाय हातात आले. त्यांतल्या चारांचे ट्रान्झिस्टर आधीच जुळून गेले होते. त्या चार विहिरींवर मोटार हुकमाशिवाय चालू होत होती, आणि चौघांनाही वाटत होतं की डबा हुशार झालाय.

एकोणचाळीस परत आले.

चाळिसावा एका पाहुण्याने नेला होता. लग्नाला आलेला, चारठाण्याच्या बाजूचा, एवढंच दाजींना आठवतं. त्याने दिलेला नंबर लागत नाही. आम्ही दोनदा तिकडे गेलो. पाण्याच्या टाकीवर, गिरणीच्या दारावर, खताच्या दुकानात पत्रकं लावली. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा पावसाने त्यांचा पिवळा रंग भिंतीवर ओघळला होता आणि अक्षरं गेली होती. आम्ही नवी लावली.

आता दुकानात लाईट जाते तेव्हा मी हातातलं काम ठेवते. कुठेतरी एक माणूस सदरा काढून खांबाला अडकवत असेल. बटण 'बंद'वर करत असेल, दोनदा पाहत असेल, कारण तो काळजी घेणारा माणूस असेल. मग पायऱ्या उतरत असेल.

लाईट परत येते. पंखा फिरायला लागतो. दाजी माझ्याकडे बघत नाहीत, मी त्यांच्याकडे बघत नाही.